ताटलीतलं पाणी

सव्वा महिना इंदूरला आण्णांच्या लेकीकडं राहून सगळे घरी आले. त्यांच्या मुलानं, विजयसिंहनं, कळंब्यातल्या फ्लॅटचं कुलूप काढलं आणि त्याची बायको स्वप्नाली आत जाताच ओरडली, "आवो, सगळ्या घरात मुंग्याच की!"

खिडकीच्या चौकटीतून बारीक लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून स्वयंपाकघरात चालली होती. आण्णांची नजर रांगेबरोबर फळीवर गेली. रांग गुळांब्याच्या बरणीवर चढत होती.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोनं, बयाबाईंनी केलेला तो शेवटचा गुळांबा. दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून आण्णांनी बरणीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

स्वप्नालीनं स्प्रे उचलला.

"थांब! बरणीत गेला तर गुळांबा खायचा कसा?" आण्णा म्हणाले.

"आण्णा, बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवूनच गेलतो की आपण!" विजयसिंह म्हणाला.

आण्णांनी ताटलीत बोट फिरवलं. कोरडी ठक्क. कडेला पाण्याचा पांढरा डाग तेवढा उरला होता. उन्हाळ्यात ताटलीतलं पाणी चार दिवसांत आटतं. बयाबाई रोज सकाळी तांब्यातलं थोडं ओतायच्या. त्यांच्यामागं ते काम स्वप्नाली करायची. जाताना मात्र ताटली भरली म्हणजे झालं, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

"आजोबा, मुंग्यांना वाट कशी कळते?" नात रेणुकानं विचारलं.

आण्णांनी साबणाच्या ओल्या फडक्यानं रांगेतली वीतभर जागा पुसली. मुंग्या तिथंच अडल्या, मिशा हलवत गोल फिरू लागल्या. "बघ, पहिलीला गोड सापडलं की ती परतताना वासाची रेघ ओढत जाते. बाकीच्या त्या रेघेवरनं येतात. रेघ पुसली की वाट मोडली."

मग त्यांनी सगळी रांग पुसून काढली, चौकटीच्या फटीत साबणाची वडी दाबून भरली आणि बरणी गॅलरीत उन्हात ठेवली. चटका बसताच बाहेरच्या मुंग्या पळाल्या. आत मात्र बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याखालून शिरलेल्या शेकडो मुंग्या पाकात रुतून मेल्या होत्या. चमच्यानं वरचा थर काढता काढता बरणी जवळजवळ रिकामी झाली. तळाशी चार-पाच चमचे गुळांबा स्वच्छ निघाला.

"फ्रिजमध्ये ठेवूया, आण्णा. आईंची आठवण हाय," स्वप्नाली म्हणाली.

आण्णांनी मान हलवली.

"ठेवून ठेवूनच हे झालं, पोरी. चपात्या कर."

चौघं जेवायला बसले. दुसऱ्या घासाला आण्णांच्या दाताखाली लवंग आली. बयाबाई लवंगा कधी कुटायच्या नाहीत, अख्ख्याच टाकायच्या आणि आण्णा दरवर्षी कुरकुरायचे. आज त्यांनी ती थुंकली नाही. ताट रिकामं झालं तरी गालात धरून बसून राहिले.