उलटा फिरवलेला शंकू

कर्णिक साहेबांनी खालापूरच्या वरच्या खोऱ्यात बांधाचं काम धरलं, तेव्हा त्यांनी चुना दळायच्या घाणीचं जुनं चाक काढून टाकलं. जुन्या घाणीत दगडी चाक बैलाच्या मागे गोल फिरायचं आणि फिरता फिरता घासायचं. आतली कड हळू, बाहेरची कड जोरात, आणि चाक बापडं एकच, त्याला दोन्ही कसं जमावं? म्हणून साहेबांनी शंकू घडवून घेतला. भला थोरला काळा दगडी शंकू, लोखंडी पाटावर आडवा झोपवलेला. नाक मध्यभागी खांबाजवळच्या वाटीत, बूड बाहेरच्या कडेला. खांबाला जोडलेला दांडा त्याच्या बुडाच्या खुंटीला धरून ओढायचा, आणि शंकू जराही न घसरता नाकाभोवती गोल गोल लोळायचा. जिथं घेर मोठा तिथं वाट लांब, जिथं घेर लहान तिथं वाट आखूड. हिशेब कसा चोख! साहेब त्या शंकूकडे नातवाकडे पाहावं तसे पाहत. मजूर त्याला नुसता धोंडा म्हणत.

ओव्हरसियर वामन दिघे हा कर्णिकांचाच विद्यार्थी. पुण्याच्या कॉलेजात त्यांनी त्याला शिकवलं, नोकरीला त्यांनीच लावलं. पण तोंडावर कौतुकाचा एक शब्द कधी नाही. वामनचं वय तिशीला आलं तरी त्या एका शब्दाची भूक काही जात नव्हती. आपण म्हणू, इतका शिकलेला माणूस, त्याला कशाला हवी शाबासकी? पण असतं एकेकाचं तसं.

पावसाळा तोंडावर आला होता. बांध अर्धाच होता, आणि अर्धा बांध पहिल्या लोंढ्यात वाहून गेला असता. चुना पुरेना. साहेबांनी ठरवलं, धोंडा दुपटीहून जास्त जोरात फिरवायचा. खांब फिरवणारं ऑइल इंजिन दमदार होतं, पट्टा नवा होता. त्यांनी कागदावर मांडून पाहिलं होतं की तेवढा वेग धोंड्याला सहज सोसेल.

पहिल्याच चाचणीला धोंड्याचं नाक वाटीत उडलं. खट्ट करून एकदाच. लगेच बसलंही.

पाटाच्या कडेला फावड्यानं चुना आत लोटणाऱ्या पाच बायका होत्या, वरच्या ठाकूरवाडीच्या. त्यांत जना पुढारी. तिनं फावडं टाकलं आणि मागे सरली, तशा बाकीच्याही सरल्या. मुकादमानं शिव्या घातल्या, दुसरी माणसं आणीन म्हणाला, पण जना जागची हलेना. ती वामनला म्हणाली, "सायेब, त्यो उठाया बगतो. आमी त्याच्यापाशी उभ्या नाय ऱ्हायाच्या."

साहेब म्हणाले, चुन्यात खडा आला असेल. वामनला मात्र ते पटलं नाही.

संध्याकाळी कचेरीच्या खोलीत त्यानं सुताराकडून आणलेला लाकडी शंकू टेबलावर घेतला. त्याच्या अंगावर नाकापासून बुडापर्यंत शाईची एक रेघ ओढली आणि कागदावर तो हलकेच लोळवला. ओली रेघ कागदाला टेकली आणि उठली. कागदावर रेघेचा ठसा उमटला, स्वच्छ, कुठंही न फरफटलेला. वामन त्या ठशाकडे बघत राहिला. रेघ फरफटली नाही, म्हणजे टेकल्या क्षणी ती हललीच नाही. नाकापासून बुडापर्यंत आख्खी रेघ तेवढा क्षण थांबलेली. आणि फिरणाऱ्या वस्तूत जी रेघ थांबलेली असते, तिच्याभोवतीच ती वस्तू त्या क्षणी फिरत असते.

तिथं त्याला साहेबांची चूक दिसली. साहेबांनी कोनीय वेगाचा बाण, म्हणजे वस्तू कोणत्या रेघेभोवती फिरते ते दाखवणारा बाण, शंकूच्या आसावर धरला होता, नाकातून बुडाच्या मध्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेघेवर. जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाला ते बरोबर. पण इथं आस स्वतःच खांबाभोवती फिरतो आहे. त्याचं ते फिरणं आणि शंकूचं आसाभोवतीचं फिरणं, दोन्ही मिळवली की बाण खाली येतो आणि पाटावर सपाट पडतो, नेमका टेकलेल्या रेघेवर. त्यानं उजव्या हाताची बोटं लोळण्याच्या दिशेनं वळवून पाहिली. वरून बघताना धोंडा डावीकडे वळत फिरतो, तेव्हा अंगठा, म्हणजे बाणाचं टोक, नाकाकडे दाखवत होता.

तो रात्रभर जागला वगैरे काही नाही. हिशेब लहानच होता. बाण खरा धरला, तर धोंडा वळवत ठेवायला लागणारा रेटा साहेबांच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघत होता. हा रेटा पाटानंच द्यायचा, धोंड्याला खालून वर ढकलून. वेग वाढला की ती ढकल बाहेर बाहेर सरकते. बुडाच्या कडेशी पोचली की पुढं पाटच लागत नाही. मग धोंडा कडेवर उलटतो आणि नाक वाटीतून सुटतं. जनाला हे न मांडता दिसलं होतं असं मी म्हणणार नाही. ती भ्याली होती, एवढंच.

सकाळी तो साहेबांच्या तंबूत गेला. गुरूची चूक काढायची, तीही त्याच्याच लाडक्या यंत्रातली. त्यानं बोलणं जेमतेम सुरू केलं आणि शाईचा कागद पुढं सरकवला. साहेबांनी तो उजेडाला धरला. लाकडी शंकू हातात घेऊन स्वतः दोनदा लोळवला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"शाबास, वामन," ते म्हणाले. "चूक माझी. बाण पाटावरच आहे."

अहो, काय सांगू! त्या एका शब्दानं वामनचा ऊर भरून आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं सकाळच्या चहाबरोबर मिळावं! डोळ्यांत पाणी येईल म्हणून तो तंबूच्या दोरीकडे पाहू लागला.

साहेबांना मात्र बांध पुरा करायचा होता. ते उठले, येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाले, "बाण नाकाकडे आहे म्हणून नाक उचलतं. मग धोंडा उलटा फिरवू. बाण बुडाकडे जाईल, नाक दाबलं जाईल. पटतं?"

किती सोपं वाटलं ते! बाण उलटा झाला की रेटाही उलटा. आणि विचारत कोण होतं? कर्णिक साहेब, दिघ्यांना विचारत होते. वामननं मान हलवली. पटतं म्हणाला. त्या क्षणी त्यानं कागद मागून घेतला असता तर! पण शाबासकी अंगात भिनलेली असताना माणूस हिशेब तपासत नाही.

इंजिनवाल्या पदूनं पट्ट्याला मधे तिढा दिला, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, म्हणजे खांब उलटा फिरू लागला. सावकाश फिरवून पाहिलं, धोंडा उजवीकडे वळत मुकाट लोळला. आता बायका तेवढ्या हव्या होत्या. मुकादमाला त्यांनी दाद दिली नाही. वामनलाच जावं लागलं. जना झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसली होती. तिनं त्याला आधी बसायला जागा करून दिली, मग विचारलं, त्यो आता उठंल का?

"नाही उठणार," वामन म्हणाला. "उलटा फिरवलाय. माझ्या शब्दावर चल."

ती उठली. भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि बायकांना म्हणाली, चला गं, दिघेसायेब बोलले हायेत.

इंजिनानं वेग धरला. वामन पाटापासून जरा लांब, इंजिनाच्या छपरापाशी उभा होता. घाटाची भिंत पूर्वेला काळी उभी होती, ढग तिच्या माथ्याला टेकले होते. धोंडा सुरुवातीला गुरगुरला, मग त्याचा एकसारखा घरघराट सुरू झाला. वामन सवयीनं उजवा हात पुढं धरून बोटं वळवत होता. धोंडा उत्तरेला आला की अंगठा उत्तरेला, बाहेर. तिथून तो पूर्वेला जातो, म्हणजे बाणाचं टोक पूर्वेकडे झुकतं, आणि टोक झुकतं तिकडचाच रेटा पाटाला द्यावा लागतो. घाटाकडे.

आणि काल? काल धोंडा उत्तरेला असताना बाण दक्षिणेला होता, नाकाकडे. धोंडा पश्चिमेला गेला की बाण त्याच्या उलट, पूर्वेला. म्हणजे कालही टोक झुकत होतं ते घाटाकडेच.

हात तसाच हवेत राहिला. बाण उलटा झाला होता, पण फिरायची दिशाही उलटी झाली होती. दोन उलटं मिळून सुलट. रेटा तोच, तेवढाच, तिकडेच. काहीही बदललेलं नव्हतं.

तो ओरडला. इंजिनाच्या धडधडीत ते कोणाला ऐकू जाणार? त्यानं पदूला हातानं पट्टा पाडायची खूण केली आणि पाटाकडे धाव घेतली. पदूला खूण कळायला वेळ लागला. तेवढ्यात खट्ट झालं, लगेच दुसरं झालं, आणि या खेपेला नाक परत बसलं नाही. वाटीतून वर येत राहिलं, सावकाश, झोपेतून जनावर मान उचलतं तसं.

चार बायका पळाल्या. जनानं वळून वामनकडे पाहिलं. तो हात हलवत धावत येत होता, आणि तिला वाटलं असेल, दिघेसाहेब घाबरू नका म्हणताहेत. नाही उठणार, असं त्यानंच सांगितलं होतं. तिनं फावडं घट्ट धरलं आणि ती जागेवर उभी राहिली. धोंडा कडेवर उलटला आणि दांडा मोडून तिच्या अंगावरून उताराला गेला.

कर्णिक साहेब तंबूतून बाहेर आले ते अनवाणी. त्यांनी धोंडा पाहिला, जनाला पाहिलं आणि खाली बसले. वामनला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्यापेक्षा स्वतःचा उजवा हात त्याला जास्त नकोसा झाला होता.

दुपारी जनाचा नवरा धाऊ वाडीवरून उतरून आला. त्यानं तिच्या तोंडावरचा चुना आपल्या मुंडाशानं पुसला, हळूच, डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपून. मग तो वामनपाशी येऊन उभा राहिला. बायकांनी त्याला वाटेतच सगळं सांगितलं होतं, आणि एवढीच एक गोष्ट त्याला उमगत नव्हती.

"सायेब, तुमी त्यो उलटा फिरवनार बोलला व्हता," तो म्हणाला. "फिरवला नाय का?"

"फिरवला होता, धाऊ," वामन म्हणाला. "उलटाच फिरवला होता."