तेलकट बटणं

जेवणाच्या सुट्टीत आमचा मालक दीपकशेठ माझ्या खुर्चीत बसून जेवतो, ही गॅस एजन्सीतली माझी सगळ्यात जुनी तक्रार. त्या दिवशीही मी परतले तर टेबलावर सुरमईचे काटे आणि कीबोर्डावर मसाल्याचं तेल. बोट ठेवलं की चिकटायचं. डबा त्याच्या घरचा नव्हता. नाक्यावरच्या हॉटेलचं स्टीलचं ताट होतं, तेही आठवड्यातून तिसऱ्यांदा.

मी फडकं शोधत होते, तेवढ्यात खिडकीत हाजराभाभी आल्या. मिरकरवाड्यातल्या. पोराकडे मुंब्र्याला राहून कित्येक महिन्यांनी परतलेल्या, कारण मेहरीन, त्यांची लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली.

"यमुनाताई, नंबर लाव गो. चुलीत नारळाच्या ओल्या सोडणांचा धूर होतो, न् पोर खोकून खोकून निळी पडते. काल जन्मलेली हाय."

पुस्तक घेतलं, ग्राहक क्रमांक टाइप केला. एंटर दाबताच स्क्रीनवर चौकट उघडली: हा नंबर आधीच आला आहे.

ती चौकट माझीच होती. पूर्वी बायका सकाळी नंबर लावून संध्याकाळी नवऱ्याला पुन्हा तोच लावायला पाठवत. मग मी एक्सेलची 'हेल्प' डिक्शनरी घेऊन वाचली आणि क्रमांकाच्या सगळ्या कॉलमला व्हॅलिडेशनचा नियम लावला: =COUNTIF($A$2:$A$500,A2)=1. म्हणजे हा आकडा कॉलममध्ये एकदाच असेल तरच घ्यायचा. दुसऱ्यांदा टाइप केला की मशीन हटून बसतं, पुन्हा लिही म्हणतं नाहीतर सोड म्हणतं. मला त्याचा फार अभिमान होता.

"भाभी, तुमच्या घरून कुणीतरी लावलाय."

"घरात कोण हाय? परवापर्यंत कुलूप होतां. कुलपान् लावलान् काय?"

मागचा एक जण म्हणाला, "चाची, सगळे असंच सांगतात." रांग हसली. भाभींनी पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं, मशीन कशाला खोटं बोलेल.

तरी क्रमांक शोधला. सापडला, आजच्या तारखेला, खालच्या बाजूला. त्या आकड्याच्या घरावर, म्हणजे सेलवर, जाऊन नियम बघितला. नियमच नव्हता. कोणताही आकडा चालेल, असं लिहिलेलं.

मी कीबोर्डाकडे पाहिलं. आकड्यांची बटणं कोरडी होती. तेल फक्त तीन बटणांवर: कंट्रोल, सी आणि व्ही.

दीपकशेठने काही टाइप केलंच नव्हतं. दुसऱ्या फाइलीतून उचलून चिकटवलं होतं. चिकटवलेल्याला नियम विचारत नाही. उलट चिकटवलेलं त्या घरातला नियमच पुसून टाकतं. हाताने टाइप करणाऱ्यालाच नियम अडवतो. माझ्या नियमाने चोराला आत घेतलं होतं आणि बाळंतिणीच्या आईला चारचौघांत खोटं पाडलं होतं.

दीपकशेठ दात कोरत आला. मी हळूच विचारलं. तो लाजलासुद्धा नाही.

"अहो, बंद घरांचे नंबर ते. हॉटेलवाल्याला लागतात. माणसं मुंबईत, त्यांचं काय जातंय? ही बाई आलीये ना, हिचा एक काढून टाका. बाकीचे राहू द्या." काडीवरचा कण त्याने माझ्याच टेबलाला पुसला.

एक काढायचा. उपकार केल्यासारखं.

मी एक्सेलच्या 'गो टू स्पेशल'मध्ये जाऊन नियम असलेली सगळी घरं निवडली. ती निळी झाली. नियम नसलेली मधेमधे पांढरी राहिली, अंगावरच्या कोडाच्या डागांसारखी. मग तो जड मॉनिटर दोन्ही हातांनी खिडकीकडे फिरवला.

"पांढऱ्या घरांसमोरची नावं वाचा जरा. मला चष्म्यातून दिसत नाही."

"भिकाजी? अरे, तो ठाण्याला असतो."

"धोंडूकाका? ते तर गेले की गणपतीआधी."

"मेल्यावर गॅस कशाला, तिकडे आयतीच आग," मघाशी भाभींना बोललेला तोच म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. सगळे दीपकशेठकडे बघत होते.

"काढा, काढा ते," तो पुटपुटला. "चुकून झालं असेल."

पांढरी सगळी पुसली. नुसतं पुसून नियम परत येत नाही, म्हणून पूर्ण कॉलमला नव्याने लावला. मग भाभींचा क्रमांक टाइप केला. मशीन गप्प बसलं. पावती निघाली.

"आणि हॉटेलवाल्याला काय सांगू?" दीपकशेठने विचारलं.

"सुरमई खारट होती म्हणावं."

भाभी पावती घडी करून चोळीत ठेवत माझ्याकडे बघत राहिल्या. "तूपण मला खोटीच समजलीस ना गो?"

"हो, भाभी."

"बरां. पोरीला बघायला ये." आणि सिलिंडर हातगाडीवर चढवायला गेल्या.

उद्या तो पुन्हा चिकटवणार, हे मला ठाऊक होतं. मॉनिटर मी तसाच राहू दिला, खिडकीकडे तोंड करून. मान वाकडी करून टाइप करते. बटणं घासली, वास काही गेला नाही.