पाचव्या महिन्याचा फोटो

कामराननं बारा फोटो आणि त्यांच्याखालचा मजकूर एका दमात व्हॉट्सअॅपवर पाठवला, तेव्हा शहादेवनं फक्त फोटो बघितले. पोट कसं महिन्यागणिक आत जात गेलंय, एवढंच डोळे भरून बघितलं आणि अंगठा पाठवून दिला.

कामरानची जिम गेवराईत, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर. शहादेव तिथला सगळ्यात थोराड गिऱ्हाईक. वायरमनची नोकरी आणि वजन एकशे आठ किलो, त्यामुळं खांबावर चढायची पाळी आली की मदतनीस नाथा पुढं व्हायचा आणि खालून शहादेव हुकूम सोडायचा. त्याला जिममध्ये घातलं बायकोनं, यशोधरानं. वर्ष भरलं तेव्हा काटा एक्क्याण्णववर आला होता. कामरानला जिमच्या सोशल मीडियावरच्या पानावर रोज एका महिन्याचा फोटो टाकायचा होता. तो पोरगा कामात चोख होता. दर महिन्याला तोच कोपरा, तोच बनियन, सकाळी उपाशीपोटी वजन. पहिली ओळ अशी, की वाचणाऱ्याचं बोट थांबावं, खाली वजन आणि कंबरेचं माप. गिऱ्हाइकानं होकार दिल्याशिवाय काही टाकायचं नाही, हाही त्याचा नेम.

पहिले चार दिवस शहादेवचा रुबाब काही विचारू नका. सबस्टेशनवर चहा यायच्या आत नाथा मोठ्यानं वाचायचा, बाकीचे हिरो म्हणून चिडवायचे. संभाजीनगरला नर्सिंग शिकणारी त्याची लेक अंजली रोज खाली लाल बदाम टाकायची. पाचव्या दिवशी शहादेवनं स्वतःच वाचायला घेतलं.

‘एका महिन्यात पाच किलो! वर्षातली सगळ्यात मोठी कामगिरी. घरावर दुःखाचा डोंगर कोसळला, पण काकांनी जिम सोडली नाही. कारणं सांगणाऱ्यांनो, शिका.’

तो तिथंच थांबला. वरच्या फोटोत तो अंगठा दाखवून हसत होता. यशोधरा गेली तो हा महिना. फोटोच्या दिवशी तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे मरणानंतरचा विधी, होऊन चारच दिवस झाले होते. घरात बसवत नाही म्हणून तो जिममध्ये गेला, काट्यावर उभा राहिला, आकडा बघितला आणि खूश झाला. क्षणभरच, पण झाला. तेवढ्यात कामराननं फोटो काढला होता. नाथानं त्याच्या हातातला फोन हळूच घेऊन पालथा ठेवला. आज खाली लाल बदाम नव्हता.

शहादेव तसाच जिममध्ये गेला. कामरान एका पोराला वजन उचलायला शिकवत होता. शहादेवचा चेहरा बघून बाजूला आला, आणि आपण तर तुमचं कौतुकच केलं, असं म्हणायला लागला.

“कौतुक कशाचं करतो? मी जेवतच नव्हतो, बेटा. चहावर होतो. रात्रीची भाकर कुत्र्याला घालायचो.”

कामराननं शहादेवचा वर्षभराचा तक्ता उघडला आणि एकेक आकडा बघत गेला. त्या महिन्यात कंबर बोटभरही हलली नव्हती. वीस किलोचं डंबेल सोडून शहादेव बारावर आला होता. पुढच्या महिन्यात, मेहुणी छबुबाई डबा पाठवायला लागली तेव्हा, दोन किलो वाढले आणि वीसचं डंबेल परत उचललं गेलं. त्या महिन्याखाली कामराननं लिहून ठेवलं होतं, ‘काका थोडे घसरले.’

“काका, मला तवाच कळाया पाहिजे होतं,” तो खाली बघत म्हणाला. “ही चरबी न्हाई गेली. तुमचं मांस गेलतं. मी नुसता काटा बघितला.”

पोस्ट पुसून टाकतो म्हणाला. एकदा टाकलेला फोटो बदलता येत नाही, मजकूर बदलता येतो, हेही त्यानंच सांगितलं. पुसलं तर बरंच झालं असतं. पण अंजलीनं ते बघितलं होतं, आणि पुसलं म्हणजे आणखी एक गोष्ट तिच्यापासून लपवली असं झालं असतं.

“राहू दे फोटो,” शहादेव म्हणाला. “खालचं बदल. मी सांगतो ते लिही.”

कामराननं लिहिलं, ‘या महिन्यात माझी बायको यशोधरा गेली. मी जेवत नव्हतो, म्हणून वजन उतरलं. यातून कुणी काही शिकू नये. फोटोत मी हसतोय, त्याची मला लाज वाटते.’ सहाव्या महिन्याखालचंही त्यानं न सांगता बदललं, ‘काका जेवायला लागले,’ आणि वाढलेलं दोन किलो वजन तसंच ठेवलं.

संध्याकाळी अंजलीचा व्हिडिओ कॉल आला.

“पप्पा, मी रोज विचारायचे. तुमी जेवलो म्हणायचात.”

“खोटं बोलत होतो.”

“आणि आज?”

त्यानं खरं सांगितलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. फोन ठेवू नका म्हणाली ती. त्यानं तो ओट्यावर उभा केला, छबुबाईचा डबा उघडला आणि तिच्यासमोर जेवायला बसला. मान काही त्याला वर करवली नाही.