प्रश्न नसलेला कागद

धाकट्या भावाचा मेसेज आला तेव्हा ताई ओट्याशी उभ्या राहून मटार सोलत होत्या. फोन एकदा वाजून गप्प बसला. नेहमीचंच असेल, त्यांना वाटलं, उगवता सूर्य आणि खाली 'शुभ सकाळ'. तीन वर्षं भावाकडून दुसरं काही येतच नव्हतं. हात पुसून पाहिलं तर पडदाभर इंग्रजी. हॉस्पिटलकडून फोनवर आलेला डिस्चार्जचा कागद अथपासून इतिपर्यंत कॉपी करून चिकटवलेला, पान नंबरासकट. वर 'ताई' नाही, खाली 'बघ गं' नाही. एक प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

ताई तेहतीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी अख्खं गणगोत त्यांना रिपोर्ट पाठवायचं. कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड, एका मावसदिरानं तर कुत्र्याचं रक्तसुद्धा पाठवलं होतं. ताई आधी चिडायच्या आणि मग सांगायच्या. फक्त भाऊ विचारायचा नाही, आणि त्याला कारण होतं.

आईला पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी होती. एकदा तिला चक्कर येऊ लागली तेव्हा भावानं ताईंना फोन केला होता. ताई ड्यूटीवर, घाईत. "अर्धी दे," त्या म्हणाल्या. आठवड्याभरात आईचे पाय पुन्हा सुजले, धाप लागली, तिला ॲडमिट करावं लागलं. आई त्यातून उठली, पुढे वर्षभर धडधाकट जगली आणि वयानं गेली. भावानं ताईंना एका शब्दानं दोष दिला नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारणं बंद केलं. ही गोष्ट ताईंच्या मनात कुसळासारखी अडकून होती, आणि कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

भाऊ शिंपी. शाळांचे गणवेश हा त्याचा मुख्य धंदा. अंगानं असा काटकुळा की लहानपणी ताईंनीच त्याचं नाव टाचणी ठेवलं होतं, आणि ते टोचायचंही नाव होतं, कारण हट्टी मुलखाचा. ऑपरेशन झालं हेसुद्धा ताईंना आत्ता कळत होतं. त्यांना राग आला, वाईट वाटलं, आणि चष्मा शोधायला त्या आत गेल्या.

'काय विचारायचंय तुला?' असं लिहायला त्यांनी सुरुवात केली आणि पुसून टाकलं. उत्तर त्यांना पाठ होतं, 'काही नाही, सहज.' ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्यालाच प्रश्न विचारून काय मिळणार? त्या कागद वाचायला बसल्या. दुसऱ्या पानावर पोचल्या आणि परत वर गेल्या, तारीख बघायला. डिस्चार्ज सात आठवड्यांपूर्वीचा होता. मटार तसेच राहिले.

त्यांनी लिहिलं, "कागद वाचला. त्यात आहे तेच सांगते, माझ्या पदरचं काही नाही. डाव्या मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत नऊ मिलिमीटरचा खडा अडकला होता. लघवी मागे तुंबली, म्हणून मूत्रपिंड आणि नळी फुगली. तो हातभर लांब शब्द आहे ना, त्याचा अर्थ एवढाच. कमरेखाली बधिर करून लघवीच्या वाटेनं दुर्बीण घातली आणि लेझरनं खडा फोडला. अनइव्हेंटफुल म्हणजे नंतर काही भानगड झाली नाही. एसओएस लिहिलेली गोळी म्हणजे जिवावर बेतल्यावर घ्यायची नव्हे, दुखलं तरच घ्यायची. शेवटी लिहिलेला खड्याचा तपासणी रिपोर्ट तेव्हा यायचा होता, तो आणायला हवा."

इथे त्या थांबल्या. मग पुढचं वेगळं पाठवलं, म्हणजे नजरेतून सुटू नये.

"आता हे नीट वाच. खडा काढल्यावर आत एक मऊ नळी ठेवली आहे. डीजे स्टेंट म्हणजे ती. वाट सुजलेली असते, लघवी अडू नये म्हणून ठेवतात. ती आपोआप विरघळत नाही, काढावी लागते. एका आठवड्यानं दाखवायला या आणि तीन आठवड्यांनी नळी काढायला या, असं लिहिलंय. गेला होतास का?"

दोन निळ्या खुणा उमटल्या. मिनिट गेलं. फोन वाजला, मेसेज नव्हे, फोन.

"आत नळी आहे?" भाऊ म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"तुला सांगितलं नाही कुणी?"

"सांगितलं असेल. निघताना ती सिस्टर भराभरा बोलत होती, माझ्यामागं चारजण उभे. ही खाली औषधं आणायला गेलेली. मी मान डोलावली."

"आणि आठवड्यानं?"

"गणवेशांची ऑर्डर होती. गोळ्या संपल्या, खडा गेला, म्हटलं संपलं. नंतर कुठल्या कुठल्या नंबरावरनं फोन येत होते, मी म्हटलं कर्जवाले असतील, उचललेच नाहीत."

ताईंच्या तोंडावर 'गाढवा' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. वॉर्डात असताना त्यासुद्धा अशाच भराभरा बोलायच्या, आणि मान डोलावली की पुढच्या पेशंटकडे वळायच्या. अशा किती माना त्यांनी मोजल्या होत्या.

"ताप आहे का? थंडी वाजून येतो? लघवी अडते? रक्ताच्या गाठी?"

"नाही गं. जळजळ होते. सारखं जावं लागतं. मशीन जास्त मारलं की लालसर होते. पाणी प्यायलो की कमी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." तो थांबला. "मला वाटलं, किडनी गेली. गेली असेल तर कळून काय करायचं, म्हणून विचारलं नाही कुणाला. हिलाही नाही. पुढच्या वर्षीच्या शाळांना नाही म्हणून टाकलं मी. आज म्हटलं, नुसता कागद तुला पाठवावा."

म्हणजे सात आठवडे हा माणूस दुकानात बसून स्वतःचं मरण बेतत होता, आणि कागद मशीनच्या खणात पडून होता! ताईंनी चष्मा सारखा केला.

"हे बघ, किडनी गेली असं यात कुठंही नाही. नळी आत असली की बऱ्याच जणांना असा त्रास होतो, जळजळ, लालसर लघवी. पण तुझा त्रास त्याचाच आहे हे तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही. नळी चार आठवडे जास्त राहिलीय. राहिली की तिच्यावर खडे साचतात, मग काढणं अवघड जातं. आजच्या आज हॉस्पिटलला फोन कर. कागदावर नंबर आहे. डिस्चार्जची तारीख सांग, नळी आतच आहे म्हणून सांग. आणि मधेच थंडीताप आला किंवा लघवी अडली तर वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत."

"बरं." कागदाचा आवाज आला. "आणि ताई, ती रक्त पातळ ठेवायची गोळी. आपल्या डॉक्टरांनी दिलेली. ऑपरेशनच्या आधी बंद केली होती. ती आता सुरू करू का?"

तीन वर्षांत औषधाबद्दल त्यानं ताईंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

ताईंना उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. तेहतीस वर्षांत अशा गोळ्या बंद होताना आणि सुरू होताना त्यांनी शेकड्यानं पाहिल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर भाऊ पुन्हा आपला झाला असता, असंही त्यांना वाटून गेलं. त्यांनी कागद परत वाचला. 'ॲस्पिरिन थांबवली आहे. पुढच्या भेटीत ठरवून सुरू करावी.' ती पुढची भेट झालीच नव्हती.

"ते मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील, असं लिहिलंय. तुझ्या लघवीत अजून लाल दिसतंय, आणि दुसरीकडे गोळी सात आठवडे बंद आहे. दोन्ही गोष्टी त्यांना आज फोनवरच सांग. आपल्या डॉक्टरांनाही कळव. ते म्हणतील ते. मी नाही."

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"आईच्या वेळी असं म्हणाली असतीस तर," भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणायला हवं होतं. माझं चुकलं, टाचण्या. तेव्हाही चुकलं आणि तीन वर्षं गप्प बसले तेही चुकलं."

"मीही कुठं बोललो," तो म्हणाला. मग म्हणाला, "ठेवतो. त्यांना फोन करायचाय."

अर्ध्या तासानं भावजयीचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी बोलावलंय. गोळीचं उद्या तपासूनच ठरवतील, तोवर थांबा म्हणाले. मला आत्ता सांगितलं हो यांनी सगळं. मी रडू की यांच्या डोक्यात इस्त्री घालू?"

"आधी नळी काढू," ताई म्हणाल्या. "इस्त्री नंतर."

दुसऱ्या दिवशी ताई सरळ हॉस्पिटलात गेल्या. भाऊ बाकावर बसला होता, मांडीवर ऑपरेशनची फाईल, पट्टीनं आखावी तशी सरळ धरलेली. ताईंना पाहून तो थोडा सरकला. त्या बसल्या. लघवीची तपासणी झाली, एक्स-रे झाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. नळीच्या टोकाला थोडा थर धरलाय, त्या म्हणाल्या, पण अजून सहज निघेल असं दिसतंय. आणखी काही महिने गेले असते तर मोठं ऑपरेशन करावं लागलं असतं. जागा बधिर करणारी जेली लावली, दुर्बीण आत घातली, आणि पाच मिनिटांत नळी बाहेर. भाऊ चालत बाहेर आला, चेहरा वाकडा करून.

"केवढीशी गं ती," तो म्हणाला. "अस्तराच्या नाडीएवढी. त्या नाडीपायी मी शाळा सोडल्या."

"शाळांना फोन कर," ताई म्हणाल्या.

"केला. काल संध्याकाळीच. एक गेली हातातून, दोन आहेत."

रिक्षापर्यंत दोघं पाणी पिण्यावर बोलले, मग दुकानावर. ताई घरी आल्या. मटारची सालं कालचीच ओट्यावर होती, त्या आवरायला लागल्या आणि फोन वाजला.

पुन्हा पडदाभर इंग्रजी. नवा कागद, अथपासून इतिपर्यंत. ताईंनी चष्मा लावला. स्टेंट काढला. दोन दिवस जळजळ होऊ शकते. भरपूर पाणी. लालसरपणा थांबल्यावर दोन दिवसांनी ॲस्पिरिन सुरू, डॉक्टरांच्या सहीनं. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी, तारीख लिहिलेली. सगळं सरळ होतं, समजावण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्या सवयीनं शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या.

सहीच्या खाली भावानं मराठीत एक ओळ लिहिली होती.

"हे सगळं मला कळलं. ताई, रविवारी जेवायला येतेस का?"