आभाराच्या पत्रातलं केडगाव

गोरक्षच्या पत्रात मॅनेजर सोनटक्के साहेब पहिल्या ओळीत देवमाणूस होते, दुसऱ्या ओळीत कल्पवृक्ष, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ते गोरक्षचे आई आणि वडील दोन्ही झालेले होते. सुमंतरावांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली आणि विचारलं, "पान संपल्यावर साहेबांना कुठं बसवणार होतास रे? वैकुंठात?"

साखर कारखान्याच्या ऑफिसात सुमंतराव आवक-जावकचे कारकून. साहेबांच्या टेबलावर जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या डोळ्याखालून आणि मग शिक्क्याखालून जाई. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं, हे त्यांना शिजायच्या आधी कळे. शिवाय मसुदा त्यांनीच करावा, असा सगळ्यांचा विश्वास. त्यांचा स्वतःचा तर जास्तच.

"वाईट झालंय का?" गोरक्षनं विचारलं.

"वाईट नाही, गोड झालंय. या साली ऊस वाळला म्हणून साखरेची सगळी तूट तू एकट्यानं भरून काढायला निघालास." पेन्सिल चालू झाली. देवमाणूस गेला. कल्पवृक्ष मुळासकट गेला. "हे बघ, तू अजून कायम झालेला नाहीस. यादी पुढच्या महिन्यात लागणार. असं पत्र आत गेलं तर साहेब काय वाचतील? आभार? यादीतलं नाव वाचतील."

"यादीचं माझ्या मनात पण नाही, सुमंतराव. खरंच."

"असेल खरं. पण कागदाला ते कसं कळावं?" सुमंतरावांनी शेवटची ओळही कापली. तिच्यात 'अशीच कृपादृष्टी राहावी' होतं. "मागणं आलं की आभार संपले. आता उरलं काय? सही. म्हणजे साहेबांनी केलं काय, ते तू कुठंच लिहिलेलं नाहीस. थोर कोणालाही म्हणता येतं. केलेलं सांगावं लागतं. काय केलं, कुठं केलं, त्यानं तुझं काय निभावलं. तीन वाक्यं. बोल."

गोरक्ष टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावायला लागला.

काय केलं, एवढं ऑफिसला ठाऊक होतं. पंधरवड्यापूर्वी साहेब पाथर्डीकडं ऊसतोडीच्या मुकादमांना भेटायला गेले होते. परत आले ते सरळ गोरक्षच्या टेबलापाशी. म्हणाले, "तुमच्या आई नगरला सिव्हिलमध्ये आहेत. घाबरू नका. जा, रजेचं मी बघतो." त्याहून एक शब्द जास्त नाही. उरलेलं सगळं गोरक्षनं परत आल्यावर पुरवलं. आई बहिणीकडं केडगावला गेली होती, स्टँडवर बसमधून उतरताना पडली, साहेबांनी पाहिलं आणि दवाखान्यात नेलं.

पुरवणं गोरक्षला जमायचं. नोकरीला लागला तेव्हापासून त्याच्या मळ्यातल्या विहिरीला ऑफिसात बारमाही पाणी होतं आणि त्याची आई ओसरीवर बसून गड्यांना कामं सांगत होती. तो बोलायचाही 'आहे', 'नाही', 'होतं', इस्त्री केल्यासारखं.

खरं म्हणजे विहिरीच्या तळाला आता कोरडा गाळ होता, आणि त्याची आई, छबूबाई, गावातल्या सगळ्या बायांसारखी दुष्काळी कामावर पाथर्डीकडच्या मिरीच्या रस्त्यासाठी खडी फोडत होती. तिथंच हातोडी बोटांवर बसली. बायांनी रस्त्यात उभं राहून पहिली आली ती जीप अडवली, ती साहेबांची निघाली. साहेबांनी तिला नगरला नेलं, टाके पडेपर्यंत बाकावर बसून राहिले. यातलं खडीचं ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बोल ना," सुमंतराव म्हणाले.

"लिहा. केडगावच्या स्टँडवर माझी आई बसमधून उतरताना पडली."

"छान. हे बघ, लगेच कसं खरं वाटायला लागलं."

"आपण स्वतः थांबून तिला दवाखान्यात नेलंत आणि टाके पडेपर्यंत बाकावर बसून राहिलात."

सुमंतराव लिहिता लिहिता थांबले. "बाकावर बसून राहिलात. वा! हे राहू दे. हे कल्पवृक्षाला जमलं नसतं."

तिसरं वाक्य त्यांनी स्वतः जोडलं. मी वेळेवर पोचू शकलो नसतो, तिथं आपण पोचलात. मग पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं, 'अत्यंत' एकदा राहिलं होतं ते काढलं आणि शिक्का मारून कागद गोरक्षच्याच हातात दिला. "आभार शिपायाकडून पाठवत नाहीत. जा."

सोनटक्के साहेबांनी पत्र उभ्यानंच वाचलं. मग खुर्चीत बसून परत वाचलं. गोरक्ष त्यांच्या बोटाकडं बघत होता. बोट पहिल्या वाक्यावर आलं आणि तिथंच थांबलं. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. साऱ्या कारखान्यात हे पत्र खोटं ठरवू शकेल असा एकच माणूस होता, आणि पत्र त्यालाच लिहिलेलं होतं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बोटं कशी आहेत आता त्यांची?"

"बरी आहेत."

"वळतात?"

"दोन वळत्यात. एक न्हाई." इस्त्री मोडली ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांनी पत्राची घडी घातली. "जीपमध्ये त्या मला दोनदा म्हणाल्या, 'सायेब, खडीचं हापिसात काढू नका.' मी म्हटलं, नाही काढणार. मला वाटलं, त्यांना स्वतःला संकोच वाटत असेल."

पुढचं गोरक्षला आपसूक कळलं. म्हातारीनं फुटलेल्या हाताला पदर गुंडाळून लेकाची अब्रू सांभाळली होती, आणि ती कशापासून सांभाळायची हे तिला न सांगता कळलेलं होतं.

"ते पत्र मला परत द्या, सायेब."

"राहू द्या की. मसुदा चांगला आहे."

गोरक्षला वाटलं, खुर्ची सरकवून तिच्या मागं लपून बसावं. पण तो हात पुढं करून तसाच उभा राहिला. साहेबांनी पत्र दिलं.

जेवणाच्या सुटीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा तो आपल्या टेबलाशी लिहीत होता. घंटा झाल्यावर उठला आणि कागद सुमंतरावांच्या पुढं ठेवला. अक्षर वाकडंतिकडं, वर तारीखसुद्धा नव्हती.

'माझी आई मिरीच्या रस्त्यावर खडी फोडत असताना तिचा हात फुटला. आपण तिला जीपमधून नगरला नेलंत आणि बाकावर बसून राहिलात. ऑफिसात कोणाला सांगितलं नाहीत. त्याबद्दल आभारी आहे. मी मात्र केडगाव सांगत होतो.'

सुमंतरावांनी वाचलं. सवयीनं पेन्सिल उचलली गेली आणि 'खडी'च्या वर येऊन थांबली. त्यांच्या आवाजातली थट्टा कुठं गेली होती कोण जाणे. हळूच म्हणाले, "गोरक्ष, हे कशाला रे? साहेबांना तर माहीतच आहे. यातली दोन वाक्यं काढली तरी चालेल. शिक्का मारायचा म्हणजे नोंद होते, चार जण वाचतात."

"सायबांना म्हाईत हाय," गोरक्ष म्हणाला. "तुमाला न्हवतं."

शेजारच्या टेबलावरची टाइपरायटरची टकटक थांबली. गोरक्षचे कान तापले, मान वर होईना. सुमंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. शिक्का शाईवर दाबला, नेहमीपेक्षा बराच वेळ. मग कागदाच्या कोपऱ्यावर तो असा हलका ठेवला की आवाज झाला नाही.

"तारीख घाल," ते म्हणाले.

गोरक्षनं टाक उचलला. आजची तारीख काय, ते त्याला आठवेना, आणि विचारायला वर बघावं लागणार होतं.