परिचयातली कोरी ओळ

चिखलीच्या दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टर म्हणून रुजू होताना मलिहाने आपला परिचय लिहून दिला: पदवी, नऊ वर्षांचा अनुभव, 'औषध गरजेपुरतंच' हे तत्त्व. कुटुंबाची ओळ कोरीच ठेवली.

"मॅडम, घरचं काही टाका ना. बायाईले आईच पटते," व्यवस्थापक ज्ञानेश्वर म्हणाला.

"माझ्या घराचा पोरांच्या तापाशी काय संबंध?" ती फटकन बोलली आणि उठून गेली.

ज्ञानेश्वर तसा भला माणूस, पण कोरी जागा त्याला बघवेना. आधीच्या डॉक्टरीणबाईंच्या परिचयातली ओळ त्याने तिथे चिकटवली. अमडापूरच्या शिबिरात फलक लागला: 'डॉ. मलिहा, दोन मुलांच्या आई. छंद: बागकाम.'

तो वाचून मलिहाचं डोकंच फिरलं. फलक उतरवायला सांगणार, तोच तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई पुढ्यात बसली.

"तुमाले दोन हायेत, म्हून तुमच्याकडंच आणलं. नावं काय हो त्याईचे?"

खरं सांगायला मलिहाने तोंड उघडलं.

"मोईज आणि महेजबीन," ती म्हणाली. लग्नाच्या वर्षी नवऱ्यासोबत ठरवलेली ती नावं अकरा वर्षांत तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितली होती.