तळाचा सत्तू

वहिनीने तलाव पोहून जायचं ठरवलं आणि घरात दोन तट पडले. एका तटात वहिनी एकटी. दुसऱ्यात दादा, शेजारपाजारचे आणि न बोलावता सल्ला देणारे तमाम शहाणे. मी कुठल्याच तटात नव्हते. माझ्या घराच्या फरशीचं काम निघालं होतं, म्हणून मी महिनाभरासाठी भावाकडे येऊन पडले होते, आणि पाहुणीने मत देऊ नये एवढी अक्कल मला आहे. ती फार दिवस टिकली नाही, ही गोष्ट वेगळी.

वहिनीला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. काहीही खायच्या आधी त्यात कार्बोहायड्रेट किती, ते मोजायचं आणि त्या हिशेबाने इन्सुलिन टोचून घ्यायचं. कमी टोचलं तर साखर चढते. जास्त टोचलं तर कोसळते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवर असताना हे झालं तर माणूस खाली बसतो. पाण्यात खाली बसायची सोय नसते.

वहिनी शाळेत गणित शिकवते आणि क्लबच्या तलावात रोज पहाटे पोहते. क्लबची मंडळी दरवर्षी गावाबाहेरचा मोठा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जातात. यंदा वहिनीने नाव दिलं आणि सरावात दोनदा तिची साखर कोसळली. दुसऱ्या वेळी कोचबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

"आणखी एकदा असं झालं तर मी नाव काढणार," कोचबाई म्हणाल्या. "मला तुमचा राग नाही, बाई. मला तुमची भीती वाटते."

वहिनी घरी आली. तिने पोहण्याचा चष्मा खिळ्याला अडकवला आणि शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. लाल पेन इतक्या जोरात चालत होतं की त्या दिवशी त्या वर्गाचं काही खरं नव्हतं.

आता एका पेल्याबद्दल. पहाटे सरावाआधी वहिनी सत्तू पिते. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाणी, बस्स. तो करायचा मान दादाचा. दादा पार्सलच्या खिडकीवर काम करतो, दिवसभर लोकांची खोकी तोलतो, आणि घरी आल्यावरही त्याचा हात काट्यावरून उठत नाही. चाळीस ग्रॅम म्हणजे चाळीस ग्रॅम. एक चिमूट जास्त पडली तर चिमूट परत डब्यात.

"चाळीस ग्रॅम सत्तूत साधारण चोवीस ग्रॅम कार्बोहायड्रेट, आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन," तो मला आल्या दिवशीच म्हणाला होता. जणू सत्तू त्यानेच शोधून काढला.

आधी तो त्यात गूळ घालायचा. गुळात प्रोटीन नावालाच, सगळा साखरेचा कारभार, आणि साखर रक्तात उतरते लगेच. वहिनीचा आकडा दूध उतू जावं तसा वर यायचा. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं की गूळ बंद करा, चिमूटभर मीठ घाला, आणि पोहायचं असल्यामुळे इन्सुलिनही आधीच थोडं कमी करून दिलं. हिशेब चोख होता. आणि नेमकी मीठ घालायला लागल्यापासून साखर कोसळायला लागली.

झालं. जो तो डॉक्टर झाला. दादा म्हणाला, मिठानेच काहीतरी होतंय. खालच्या मजल्यावरचा पैलवान, म्हणजे व्यायामशाळेत जाणारा आमचा शेजारी, जिन्यातच थांबून म्हणाला, "अहो, सत्तू म्हणजे निव्वळ प्रोटीन! प्रोटीनला कुठे इन्सुलिन लागतं? टोचूच नका." ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. प्रोटीनच्या जवळजवळ तिप्पट कार्बोहायड्रेट आहे त्या पेल्यात, हे मला चार दिवसांत पाठ झालं होतं, आणि हा दंडाच्या बेडक्या फुगवत उलटं सांगतोय! पण दादा विचारात पडला. त्या रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "एकदा न टोचता बघूया का?"

"आणि साखर चढली तर?" वहिनी म्हणाली. "मग तू तोल, माझ्यात जीव किती ग्रॅम उरलाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंक तुंबलं.

भांडी मी घासत होते. पाहुणी असले म्हणून काय झालं, फुकटचं खाणं माझ्या अंगी लागत नाही. पाणी उतरेना. मी जाळी उचलली, खाली हात घातला आणि हातात आला तो पिवळसर, चिकट लगदा. अगदी मूठभर. हुंगून पाहिला. सत्तू!

"दादा!" मी ओरडले. "ही काय भिंतीला लावायची पुट्टी आहे का?"

दादा दाढी अर्धवट टाकून आला. मी त्याच्या नाकाखाली मूठ धरली. तो म्हणाला, "पेल्याच्या तळाशी राहतो थोडा. मी पाणी घालून भिजत ठेवतो आणि ओतून देतो."

"थोडा?"

"थोडा म्हणजे..." आणि तो बोलता बोलता थांबला. काट्याशी संसार केलेला माणूस तो. 'थोडा' हा शब्द आपल्या तोंडून गेला, याचा त्याला स्वतःलाच धक्का बसला असावा.

रोज असं घडायचं. दादा चमच्याने सत्तू ढवळायचा, पेला टेबलावर ठेवायचा आणि स्कूटर बाहेर काढायला जायचा. वहिनी इन्सुलिन टोचून घ्यायची, पिशवी भरायची, केस बांधायची. तोवर सत्तू खाली बसलेला असायचा, कारण तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग तळ गाठतो. मीठ मात्र विरघळून वरच्या पाण्यात. वहिनी घाईघाईत वरचं खारट पाणी प्यायची आणि इन्सुलिन घेतलेलं असायचं अख्ख्या पेल्याचं.

"पण गुळाच्या वेळी असं का नाही झालं?" दादाने विचारलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, गुळाचा तळ गोड लागायचा! मी बोटाने पुसून चाटायचे. हा खारट लगदा चिखलासारखा लागतो, कोण खाणार?"

मग मला हसू फुटलं, ते आवरेना. जिच्यासाठी आम्ही मिठाला शिव्या घालत होतो, ती साखर सिंकमध्ये अडकून बसली होती.

दादाने हट्टाने त्या दिवशी आणखी एक पेला करून तसाच ठेवून पाहिला. वरचं पाणी ओतलं, तळाचा लगदा ताटलीत पसरून उन्हात वाळवला आणि संध्याकाळी काट्यावर ठेवला. जवळजवळ निम्मा सत्तू तळाशी होता. त्याचा चेहरा असा पडला की मला त्याची दया आली. वहिनीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तोललंस बरोबर. पोचलं नाही, एवढंच."

तिने नर्सबाईंना फोन लावला. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इन्सुलिन बंद वगैरे काही करू नका. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून पातळ लापशीसारखं करा, मग बाकीचं पाणी. झाकणाच्या बाटलीत हलवा आणि हलवल्या हलवल्या प्या. उरलंसुरलं पाण्याने खंगाळून तेही प्या. आणि बाई, साखर खाली यायला लागली तर सत्तू घेत बसू नका. त्यातलं कार्बोहायड्रेट सावकाश पचतं, प्रोटीनने तर साखर झटकन वर येतच नाही. तेव्हा नुसतं गुळाचं पाणी."

पहिला पेला घरीच झाला, न पोहता. वहिनी दर थोड्या वेळाने बोट टोचून आकडा बघत होती आणि दादा तिच्यामागे उभा होता, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा. आकडा सावकाश चढला आणि ठरल्या जागी थांबला. मग सरावात तीन पहाटा कोचबाई काठावरून तिच्याबरोबर चालत होत्या. तिन्ही वेळा वहिनी आपल्या पायांनी बाहेर आली. कोचबाईंनी नाव राहू दिलं.

तलावाच्या दिवशी मी वहिनीच्या बाजूच्या होडीत होते. वल्ही मारायला क्लबचा नावाडी, पुढे कोचबाई, मागे मी. माझ्याजवळ गुळाच्या पाण्याची बाटली, कोरडा टॉवेल आणि साखर बघायचं यंत्र. पाणी गार होतं, वारा समोरून. निम्म्या वाटेपर्यंत वहिनीचा हात एका लयीत पडत होता. मग ती लय मला बिघडल्यासारखी वाटली.

कोचबाईंनी शिट्टी मारली. वहिनी होडीजवळ आली, कड धरून राहिली. मी तिचं बोट पाण्याने धुतलं, टॉवेलने खडखडीत कोरडं केलं. बाटलीच्या तोंडावरचा गूळ माझ्या बोटांना लागला होता आणि तो तिच्या बोटाला लागला असता तर यंत्राने खोटाच मोठा आकडा दाखवला असता, म्हणून मी टॉवेलनेच तिचा हात धरला. सुई टोचली. थेंब. ब्याऐंशी.

"खाली येतेय," कोचबाई म्हणाल्या. "वर घ्या यांना."

"थांबा," वहिनी म्हणाली. दात वाजत होते, पण आवाज वर्गातला होता. "ब्याऐंशी म्हणजे अजून कोसळलेली नाही. हे कमी होणार, हे मला माहीत होतं. त्यासाठीच ती बाटली आहे. मला पिऊ द्या, मग बघा. नाही चढली तर मी स्वतः होडीत चढते."

मी बाटली तिच्या ओठांना लावली. ती गटागटा प्यायली. मागून येणारे पोहणारे एकेक करून पुढे निघून गेले. कोचबाई घड्याळाकडे बघत होत्या आणि मी देवापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात वेठीला धरत होते. वहिनी होडीची कड धरून पाय हलवत राहिली. तिला तो तलाव किती हवा होता, हे मला तेव्हा कळलं, आणि मी पाहुणी आहे हे मी विसरून गेले.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट, पुन्हा टॉवेल, पुन्हा थेंब. एकशे अठरा.

मी ते यंत्र कोचबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. कोचबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "जा."

वहिनी गेली. आणि अशी गेली की नावाड्याला वल्ही जोरात मारावी लागली! वारा तोच, पाणी तेच, पण तिचा हात आता पाणी कापत होता. पुढे गेलेल्यांपैकी चौघांना तिने मागे टाकलं. काठावर दादा दिसायला लागला, गुडघाभर पाण्यात, बूट न काढता. मी होडीत उभी राहून ओरडत होते, नावाडी मला खाली बसा म्हणून ओरडत होता, आणि मी रडत होते. आनंदाने माणूस इतकं रडतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तिचे पाय तळाला लागले. कोचबाई होडीतून उडी मारून तिच्याआधी काठावर पोचल्या आणि त्यांनी सवयीने तिच्या दंडाकडे हात पुढे केला. वहिनीने चष्मा कपाळावर सरकवला, त्या हाताकडे पाहिलं आणि धापा टाकत, हसत म्हणाली,

"हात नका देऊ, कोचबाई. टाळ्या वाजवा."